किंचित जास्त, किंचित कमी

झेरॉक्सच्या दुकानातून एक कोरा ए-फोर कागद आणा आणि पट्टीने मोजा. रुंदी २१० मिलिमीटर, लांबी २९७. आता लांबीच्या मध्यावर तो दुमडा. कागद निम्मा झाला, पण फिरवून उभा धरला की त्याची ठेवण मूळ कागदासारखीच दिसते. पुन्हा दुमडा, पुन्हा तीच ठेवण. दोन पाने शेजारी ठेवून एकाच पानावर लहान करून छापता येतात आणि कडेला पांढऱ्या पट्ट्या उरत नाहीत, ते यामुळेच.

जर्मनीत १९२२ साली कागदाची ही मापे प्रमाण म्हणून ठरली. दुमडल्यावर लांबी-रुंदीचे गुणोत्तर बदलता कामा नये, ही त्यांतली मुख्य अट होती. या अटीतून गुणोत्तर काय निघते ते दोन ओळींत कळते. रुंदी १ माना आणि लांबीला ‘ल’ म्हणा. दुमडल्यावर जुनी रुंदी म्हणजे १ ही नवी लांबी होते आणि ‘ल’ची निम्मी ही नवी रुंदी. नवे गुणोत्तर झाले २ भागिले ल. ते ‘ल’इतकेच हवे, म्हणजे ल गुणिले ल बरोबर २ आले पाहिजे.

हातातला कागद या कसाला लावून पाहू. २९७/२१० ला तीनने छेद दिला की ९९/७० उरतात. ९९चा वर्ग ९८०१. ७०चा वर्ग ४९००, त्याची दुप्पट ९८००. एकाने हुकले! ए-फोर कागदाचे गुणोत्तर हवे त्याहून किंचित जास्त आहे. मापे काळजीपूर्वकच ठरवलेली आहेत, पण पूर्ण मिलिमीटरांत मोजायचे म्हटले की हा ‘किंचित’ टळत नाही. तो का टळत नाही, आणि जिथे पोहोचता येत नाही त्या जागेबद्दल नेमके कसे बोलायचे, यासाठी गणितात चार शब्द आहेत. बीएस्सीच्या वर्गात ते अप्पर बाउंड, लोअर बाउंड, सुप्रीमम आणि इन्फिमम म्हणून भेटतात. पहिल्या दोघांना आपण वरचा बंध आणि खालचा बंध म्हणू. पुढचे दोन आहेत तसेच ठेवू.

छत आणि छतांमधले छत

सुरुवात भाकरीपासून करू. ताटात एक भाकरी आहे. पहिल्या वेळी तिची निम्मी खाल्ली. मग उरलेल्याची निम्मी, मग त्यातून उरलेल्याची निम्मी, असे चालू ठेवले. प्रत्येक वेळेनंतर एकूण किती खाऊन झाली त्याची नोंद केली तर १/२, ३/४, ७/८, १५/१६ अशा संख्या मिळत जातात. या सगळ्या संख्यांचा मिळून एक संच.

या संचातली कोणतीही संख्या जिच्यावर जात नाही, अशी कोणतीही संख्या म्हणजे या संचाचा वरचा बंध. १०० हा वरचा बंध आहे, कारण अशा खाण्याने कुणी शंभर भाकऱ्या संपवणार नाही. ५ आहे, २ आहे, १ सुद्धा आहे. बंधांना तोटा नाही. एक सापडला की त्याहून मोठी प्रत्येक संख्या बंधच असते. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायची: बंध स्वतः संचात असावा लागत नाही. छत खोलीच्या वर असते, खोलीत राहणाऱ्यांपैकी एक नसते.

पण १०० म्हणणे आणि १ म्हणणे यांत फरक आहे. १०० ही माहिती खरी असली तरी सैल आहे. १ मात्र घट्ट बसते. वरच्या सगळ्या बंधांत जो सर्वांत लहान, त्याला संचाचा सुप्रीमम म्हणतात. छते अनेक असतात. त्यांतले सर्वांत खालचे छत म्हणजे सुप्रीमम.

एखादी संख्या सुप्रीमम आहे हे सिद्ध करायचे तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, संचातले कुणीच तिच्यावर जात नाही. दोन, तिच्या खाली कितीही थोडे सरकले तरी संचातले कुणीतरी तिथून डोके वर काढते, म्हणजे ते खालचे छत टिकत नाही. भाकरीच्या संचासाठी पहिली गोष्ट उघड आहे, कारण काहीतरी नेहमी उरतेच. दुसरीसाठी थोडे भांडू. समजा कुणी म्हणाले, “१ कशाला? ०.९९९ वर छत घालू.” तर दहाव्या वेळेनंतर खाऊन झालेली भाकरी मोजा. ती १०२३/१०२४ भरते, म्हणजे ०.९९९०२ पेक्षा थोडी जास्त. छत फुटले. “मग ०.९९९९९९ वर घालू.” विसाव्या वेळेनंतर उरतो दहा लाखांतला एकाहूनही लहान तुकडा, म्हणजे हेही छत फुटते. समोरचा जेवढे खाली सरकेल त्यानुसार आपल्याला किती वेळा खायचे ते सांगता येते, आणि कोणत्याही सरकण्याला उत्तर देता येते. म्हणून सुप्रीमम १ आणि फक्त १. एका संचाला दोन सुप्रीमम असू शकत नाहीत, कारण दोघांतला मोठा लगेच बाद होतो.

आता प्रश्न असा, की या संचातली सर्वांत मोठी संख्या कोणती? उत्तर: कोणतीच नाही. कोणतीही निवडा, पुढच्या घासाने त्याहून मोठी मिळते. सर्वांत मोठी संख्या ही संचातली असावी लागते. सुप्रीममवर तशी सक्ती नाही. संचात सर्वांत मोठी संख्या असेल तर तीच सुप्रीमम असते. नसेल तरी सुप्रीमम असू शकतो, आणि त्याचा खरा उपयोग अशाच वेळी असतो.

उरलेली भाकरी

इन्फिममसाठी दुसरे उदाहरण शोधायला नको. त्याच ताटात किती उरले ते पाहा. १/२, १/४, १/८, १/१६. या संचातली कोणतीही संख्या जिच्या खाली जात नाही, ती संख्या म्हणजे खालचा बंध. उणे ५ हा खालचा बंध आहे, उणे १ आहे, ० आहे. या बंधांतला सर्वांत मोठा, म्हणजे सर्वांत वर चढवता येईल तो तळ, हा इन्फिमम. इथे तो ० आहे. ० हा या संचात नाही, कारण ताट पूर्ण रिकामे कधी होत नाही. पण शून्याच्या वर कितीही जवळ रेघ मारा, उरलेला तुकडा कधीतरी त्या रेघेखाली जातोच.

भौतिकशास्त्रात याच घडणीची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. तापमानाला तळ आहे: उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. प्रयोगशाळांत या तळापासून अंशाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी अंतरापर्यंत पोहोचून झाले आहे. मात्र कितीही पायऱ्या घेतल्या, त्या मोजक्या असतील तर प्रत्यक्ष तळ गाठता येत नाही, असा उष्मागतिकीचा नियम आहे. गाठता येणाऱ्या तापमानांचा तो इन्फिमम आहे. किमान तापमान मात्र नाही.

वरचे आणि खालचे यांत आणखी एक सोपे नाते आहे. संचातल्या प्रत्येक संख्येचे चिन्ह बदला. संख्यारेषा शून्याभोवती उलटी होते, छताचा तळ होतो आणि तळाचे छत. म्हणून सुप्रीममबद्दल जे काही सिद्ध केले ते इन्फिममबद्दल वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही.

नेहमीची एक चूक

पुढे जाण्याआधी एक सापळा दाखवतो. हा संच घ्या: उणे २, ३/२, उणे ४/३, ५/४, उणे ६/५, ७/६, आणि असेच पुढे. चिन्हे आलटून पालटून येतात, आणि चिन्ह बाजूला ठेवले तर संख्या १कडे सरकतात. वर्गात हा प्रश्न घातला की निम्म्या वह्यांत उत्तर येते: सुप्रीमम १, इन्फिमम उणे १.

दोन्ही चूक. भाकरीच्या उदाहरणात संख्या ज्याच्याकडे सरकत होत्या तोच सुप्रीमम निघाला, म्हणून मनाची तशी समजूत होते. पण सुप्रीमम म्हणजे ‘संख्या शेवटी कुठे चालल्या’ हे नव्हे, तर ‘सगळ्यांना झाकणारे सर्वांत खालचे छत’. पहिली कसोटी लावली की चूक लगेच पकडली जाते. १ हा बंध तरी आहे का? संचात ३/२ आहे, तो १च्या वर आहे. म्हणजे १ हे छतच नाही, मग सर्वांत खालचे छत कुठून होणार? खरे उत्तर: सुप्रीमम ३/२ आणि इन्फिमम उणे २, आणि दोन्ही संचातच बसलेले आहेत. संचात क्रमाला किंमत नसते. कोण आधी आले, कोण नंतर, याने छत बदलत नाही.

ए-फोरचा संच

आता कागदाकडे परत येऊ. ज्या धन अपूर्णांकांचा वर्ग २पेक्षा कमी भरतो, असे सगळे अपूर्णांक गोळा करा. १ आहे (वर्ग १). ७/५ आहे (४९/२५, म्हणजे २५च्या दुपटीला एक कमी). ४१/२९ आहे (१६८१, २९च्या वर्गाची दुप्पट १६८२, पुन्हा एकच कमी). हा आपला संच. कागदाच्या भाषेत सांगायचे तर या संचात हवे त्यापेक्षा किंचित आखूड कागद आहेत.

याचे वरचे बंध कोणते? २ हा बंध आहे. ३/२ आहे, कारण त्याचा वर्ग २.२५, आणि ज्यांचा वर्ग २पेक्षाही कमी ते त्याच्यावर जाऊ शकत नाहीत. याच न्यायाने ए-फोरचा ९९/७० हाही बंध आहे आणि तो बराच घट्ट बसतो. पण सर्वांत घट्ट?

नाही. त्याहून घट्ट बंध आपल्याकडे इसवी सनाच्या काही शतके आधीपासून लिहिलेला आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदी बांधण्यासाठी चौरसाचा कर्ण काढण्याची रीत आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायचा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवायचा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करायचा. बाजू १ धरली तर १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८. वर्ग करून पाहा: ५७७चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. पुन्हा एकच जास्त! दशांशात ही संख्या १.४१४२१५७ येते, आणि हवी ती संख्या १.४१४२१३६च्या आसपास आहे. अशा कर्णाला सूत्रात ‘सविशेष’ म्हटले आहे. विशेष म्हणजे फरक. हे उत्तर तंतोतंत नाही, थोडा फरक राहतो, याची जाणीव या शब्दात आहे असे काही अभ्यासक मानतात.

मग बौधायनाचा बंध तरी सर्वांत लहान का? त्यालाही खाली ढकलण्याची एक रीत आहे, आणि ती कोणत्याही बंधाला चालते. समजा ३/२ हा बंध घेतला. दोनला त्याने भागले की ४/३ येतात. या दोघांची सरासरी काढा: १७/१२. ही ३/२पेक्षा लहान आहे, आणि तिचा वर्ग २८९/१४४, म्हणजे अजूनही २पेक्षा जास्त. म्हणजे नवा बंध मिळाला, जुन्यापेक्षा घट्ट. पुन्हा तेच करा: १७/१२ आणि २४/१७ यांची सरासरी ५७७/४०८. बौधायनाची संख्या दुसऱ्याच पायरीवर भेटली. तिसऱ्या पायरीवर येते ६६५८५७/४७०८३२, आणि तिचाही हिशेब तसाच, अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुपटीपेक्षा बरोबर एकाने जास्त.

ही रीत नेहमी का चालते ते जमिनीच्या तुकड्यावरून पाहता येते. एक आयत घ्या, त्याची एक बाजू आपला बंध आणि दुसरी २ भागिले तो बंध. क्षेत्रफळ बरोबर २. आता तेवढीच परिमिती ठेवून त्याचा चौरस केला तर क्षेत्रफळ वाढते, कारण ठरावीक कुंपणाच्या आयतांमध्ये चौरस जास्तीत जास्त जागा अडवतो. त्या चौरसाची बाजू म्हणजेच आपली सरासरी. म्हणून सरासरीचा वर्ग २पेक्षा जास्तच राहतो. बंध खाली येतो, पण बंधच राहतो.

खालून वर चढण्याचीही जोडरीत आहे. ४/३ हा संचातला अपूर्णांक. तो आणि त्याचा जोडीदार ३/२ यांची सरासरी १७/१२. दोनला तिने भागले की २४/१७. हा ४/३पेक्षा मोठा आहे आणि त्याचा वर्ग ५७६/२८९, म्हणजे २पेक्षा कमी. तोही संचातलाच. संचातला कोणताही अपूर्णांक दाखवा, त्याच्या डोक्यावर संचातलाच दुसरा उभा करता येतो.

मोकळी जागा

आता उलटतपासणी करू. समजा या संचाचा सुप्रीमम हा एखादा अपूर्णांक आहे. त्याचा वर्ग २पेक्षा जास्त, कमी किंवा बरोबर २, यांपैकी काहीतरी एक असणार. जास्त असेल, तर सरासरीच्या रीतीने त्याहून लहान बंध मिळतो, म्हणजे तो सर्वांत लहान बंध नव्हे. कमी असेल, तर जोडरीतीने संचातलाच कुणीतरी त्याच्या वर जातो, म्हणजे तो बंधच नव्हे. उरला तिसरा पर्याय, वर्ग बरोबर २.

तोही शक्य नाही. अपूर्णांकाचा वर्ग २ असेल तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाची दुप्पट असला पाहिजे. कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग घ्या आणि त्याला दोनने किती वेळा भाग जातो ते मोजा. उत्तर नेहमी सम येते, कारण वर्गात प्रत्येक दोन जोडीने येतो. मग डावीकडे दोनांची संख्या सम, आणि उजवीकडे वर्गातले सम अधिक बाहेरचा एक, म्हणजे विषम. एकच संख्या दोन्ही बाजूंना असू शकत नाही. ९९ आणि ७० असोत की ५७७ आणि ४०८, दर वेळी एकाने का हुकत होते ते इथे कळते. शून्याने हुकणे, म्हणजे बरोबर बसणे, मुळातच निषिद्ध आहे. आणि पूर्ण संख्यांत हुकायचेच तर एकाहून कमी हुकता येत नाही.

तिन्ही दारे बंद झाली. म्हणजे फक्त अपूर्णांकांच्या जगात राहायचे ठरवले तर या संचाला छते भरपूर आहेत, पण सर्वांत खालचे छत नाही. भाकरीच्या गोष्टीत सुप्रीमम संचाबाहेर होता तरी जगात होता. इथे तो जगातच नाही. खाली संचाची गर्दी, वर बंधांची गर्दी, आणि मधली जागा रिकामी.

वास्तव संख्या हव्यात त्या याच जागेसाठी. संख्यारेषेवरच्या अशा सगळ्या जागा भरल्या की जे मिळते ते वास्तव संख्यांचे जग, आणि त्याचा मूळ कायदा एका वाक्यात मावतो: ज्या संचात निदान एक संख्या आहे आणि ज्याला एक तरी वरचा बंध आहे, त्याला सुप्रीमम असतोच. याला पूर्णतेचा गुणधर्म म्हणतात. दोन्ही अटी गरजेच्या आहेत. १, २, ३, ४ या संख्यांना वर छतच नाही, म्हणून सुप्रीमम नाही. आणि रिकाम्या संचाला तर कोणतीही संख्या छत म्हणून चालते, अगदी उणे दहा लाखसुद्धा. मग सर्वांत खालचे छत कोणते म्हणणार?

हा कायदा इतका स्वाभाविक वाटतो की शतकानुशतके तो कुणी लिहूनही ठेवला नव्हता. प्राग शहरात राहणारे धर्मोपदेशक आणि गणिती बर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ मध्ये तो जवळजवळ याच रूपात मांडला आणि सिद्ध करण्याचा प्रयत्नही केला. त्यांची वाट निम्मे करण्याची होती. आपल्या संचावर ती चालवून पाहू. छत १ आणि २ यांच्या मध्ये आहे. मध्य १.५, तो बंध आहे, म्हणून वरचा अर्धा सोडा. १ आणि १.५चा मध्य १.२५, वर्ग १.५६, तो बंध नाही, म्हणून खालचा अर्धा सोडा. मग १.३७५, तोही बंध नाही. मग १.४३७५, तो बंध आहे. दहा वेळा असे केले की मूळ अंतराचा १०२४वा भाग उरतो. फास आवळत जातो यात शंका नाही. पण फासाच्या शेवटी तिथे कुणीतरी बसलेले आहे, ही हमी निम्मे करण्याने मिळत नाही. ती वास्तव संख्या म्हणजे काय हे ठरवल्यावरच मिळते, आणि बोल्झानोंच्या काळी ते ठरलेले नव्हते.

ते ठरवणाऱ्यांत एक होते रिचर्ड डेडेकिंड. १८५८ मध्ये झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये ते कलनशास्त्र शिकवत होते. वाढत जाणारी पण छताखाली अडकलेली राशी कुठेतरी पोहोचतेच, हे वर्गात सांगताना त्यांना आकृतीचा आधार घ्यावा लागे, आणि तो त्यांना खटके. त्यावरचा तोडगा त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला सापडल्याची नोंद त्यांनी स्वतः केली आहे. तो छापला मात्र १८७२ मध्ये, एका छोट्या पुस्तकात. तोडगा असा: सगळे अपूर्णांक दोन गटांत वाटा, खालच्या गटातला प्रत्येक जण वरच्या गटातल्या प्रत्येकापेक्षा लहान राहील असे. मधे अपूर्णांक सापडला तर ठीक. सापडला नाही, तर त्या वाटणीलाच संख्या म्हणा. आपल्या संचाने केलेली वाटणी, खाली आखूड कागद (शून्य आणि ऋण अपूर्णांकही त्यांच्याच गटात) आणि वर लांब, ही स्वतःच एक संख्या. तिला आपण √२ म्हणतो. रिकाम्या जागेत बाहेरून आणून कुणाला बसवायचे नाही. जागेच्या दोन्ही काठांनीच जागा ओळखायची.

शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ

या कायद्याचा रोजचा उपयोग दशांश चिन्हाच्या उजवीकडे दडलेला आहे. √२ = १.४१४२१… असे लिहिताना त्या तीन टिंबांचा अर्थ काय? अनंत आकडे कुणी लिहू शकत नाही. अर्थ इतकाच, की १, १.४, १.४१, १.४१४ या संख्यांचा एक संच आहे, त्याला वरचा बंध आहे (२ घ्या), म्हणून त्याला सुप्रीमम आहे, आणि ही लांबलचक लिहिलेली संख्या म्हणजे तो सुप्रीमम.

एकदा हे मान्य केले की शाळेपासून छळणारा वाद मिटतो. ०.९९९…, नऊ संपतच नाहीत अशी संख्या, १पेक्षा जराशी लहान की १च? तो ०.९, ०.९९, ०.९९९ या संचाचा सुप्रीमम आहे. १ हा बंध आहे. आणि १च्या खाली कितीही थोडे सरका, पुरेसे नऊ लिहिले की तो अडथळा ओलांडला जातो. दोन्ही कसोट्या पार पडल्या, म्हणून ०.९९९… म्हणजे १. “पण कधीच पोहोचत नाही ना?” हा आक्षेप संचातल्या संख्यांबद्दल खरा आहे, त्यांतली एकही १ नाही. सुप्रीममबद्दल तो लागू नाही, कारण सुप्रीमम चालत कुठे पोहोचत नसतो. तो छताच्या जागी आधीपासून असतो.

आता शेवटचे एकदा कागदाकडे. रुंदी २१० मिलिमीटर ठेवली तर दुमडण्याची अट तंतोतंत पाळणारी लांबी २९६.९८५ मिलिमीटरच्या जवळपास येते. म्हणजे २९७ मध्ये जास्तीचा भाग मिलिमीटरच्या साधारण सहासष्टाव्या हिश्श्याएवढा आहे, डोक्याच्या केसाहूनही बारीक. कागद कापणाऱ्या यंत्राला प्रमाणातच दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे, तेव्हा या फरकाची तक्रार कुणी करणार नाही. मिलिमीटर सोडून हजारपट बारीक एकक घेतले तरी हा फरक लहान होईल, नाहीसा होणार नाही. लांबी आणि रुंदी एकाच एककाच्या पूर्ण संख्येत लिहिलेला कोणताही कागद एकतर आपल्या संचातला असतो, किंवा त्याचा वरचा बंध असतो. त्याचा सुप्रीमम तो कधीच नसतो.